हमीभावाने उत्पन्न खरंच वाढतं का? वादविवादाचं भाषण, सोयाबीनच्या निमित्ताने

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुढच्या पंधरवड्यात वादविवाद आहे. विषय: 'हमीभावामुळे शेतकऱ्याचं उत्पन्न दीर्घकाळात खरोखर वाढतं'. मला विरोधी बाजू मिळाली आहे आणि मनापासून तीच पटते. वेळ पाच मिनिटं. भाषण खाली देत आहे. जिथे कच्चं वाटेल तिथे सरळ बोट ठेवा, समोरची बाजू ठेवणारच आहे.

"अध्यक्ष महोदय, मी हमीभावाच्या विरोधात उभी नाही. हमीभावाने उत्पन्न वाढतं, या समजुतीच्या विरोधात उभी आहे. मी एकच पीक घेते, सोयाबीन, कारण मराठवाड्याचा आणि विदर्भाचा खरीप त्यावर उभा आहे.

२०१४-१५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला २,५६० रुपये होता. २०२४-२५ मध्ये तो ४,८९२ झाला. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. आता बाजार पाहा. २०१४ च्या उन्हाळ्यात सोयाबीन चार हजारांच्या वर विकलं गेलं होतं. २०२४ च्या दिवाळीत, हमीभाव ४,८९२ असताना, ते पुन्हा चार हजारांच्याच आसपास विकलं गेलं. मधल्या दहा वर्षांत मजुरी, डिझेल, खत, कीटकनाशक काहीच जागेवर राहिलं नाही. जाहीर केलेला आकडा दुप्पट झाला आणि हातात पडलेला आकडा होता तिथेच राहिला. यालाच आपण उत्पन्न वाढलं म्हणायचं का?

असं का होतं? सोयाबीनचा भाव दिल्लीत ठरत नाही, तेल आणि पेंड यांच्या बाजारात ठरतो. शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात होतं, म्हणून तेलाचा भाव पामतेलाच्या जहाजावर आणि आयात शुल्कावर ठरतो. पेंडीचा भाव अर्जेंटिना आणि ब्राझीलची पेंड कितीला मिळते यावर ठरतो. हल्ली त्यात इथेनॉल कारखान्यांतून येणाऱ्या डीडीजीएस या धान्याच्या चोथ्याची भर पडली आहे. कोंबडीखाद्यवाल्यांना ते स्वस्त पडतं. या सगळ्यातून कारखानदाराला जो भाव परवडतो तोच बाजारात निघतो. हमीभाव त्या हिशोबात कुठेच नसतो.

आणि जेव्हा बाजार खरंच वर गेला तेव्हा काय झालं? २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांपर्यंत पोहोचलं. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. आमचं पीक खळ्यावर आलं तोवर भाव निम्म्याच्या आसपास उतरला होता. तेव्हाचा हमीभाव ३,९५०. म्हणजे कुणी म्हणेल, भाव तर हमीभावाच्या वरच होता, तक्रार कशाची? माझी तक्रार नेमकी इथेच आहे. भाव पडतो तेव्हा सरकार थोडासा माल उचलतं. भाव चढतो तेव्हा आयातीने सगळा बाजार खाली आणतं. शेतकऱ्याचं दीर्घकाळाचं उत्पन्न चांगल्या आणि वाईट वर्षांच्या सरासरीतून बनतं. चांगलं वर्ष छाटून टाकलं आणि वाईट वर्ष अर्धवट सावरलं, तर सरासरी वर जाणार कशी?

ज्या धोरणाने उत्पन्न वाढेल ते आयात शुल्कात आहे, साठवणुकीत आहे, एकरी उताऱ्यात आहे. हमीभाव जरूर ठेवा, पण त्याला पगारवाढ समजू नका."

एवढंच. बोला.

तटस्थ

ताई, भाषण चांगलं आहे, पण मुळात एक गोष्ट सुटली आहे. हमीभावाखाली खरेदी करणं हा गुन्हा आहे. बाजार समितीने असे लिलाव होऊच देता कामा नये. कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून तुम्ही हमीभावालाच निकामी ठरवत आहात. दोन व्यापारी आत टाका, भाव लगेच हमीभावावर येईल.

दुसरं, हमीभावाला बाजारात किंमत नाही असं कसं म्हणता? २०१६ ला तुरीचा हमीभाव बोनससह ५,०५० केला आणि देशातलं तुरीचं उत्पादन एका वर्षात जवळजवळ दुप्पट झालं. शेतकरी त्या आकड्याकडे बघूनच पेरणी करतो.

गोणपाट

मी आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावर काही हंगाम काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तटस्थ, तुमचं अर्धं बरोबर आहे. राज्य सरकारने २०१८ च्या ऑगस्टमध्ये हमीभावाखाली खरेदी करणाऱ्याला दंड आणि तुरुंगवास अशी तरतूद करायचं ठरवलं होतं. पुढे काय झालं आठवतंय? व्यापाऱ्यांनी खरेदीच बंद केली, अनेक बाजार समित्यांत लिलाव थांबले. तेव्हा मूग-उडीद नुकताच निघत होता आणि पोळ्याच्या तोंडावर शेतकऱ्याला पैसे हवे होते. शेवटी ते बारगळलं. व्यापाऱ्याला कमी भावात घेऊ नको असं सांगता येतं, घेच असं सांगता येत नाही. शिवाय हमीभाव एफएक्यू, म्हणजे ठरलेल्या दर्जाच्या मालालाच लागू असतो. ओला, काडीकचऱ्याचा, डागी माल त्यात बसत नाही आणि ऑक्टोबरात येणारा बराचसा माल तसाच असतो.

तुरीचंही तसंच. २०१५ च्या दुष्काळानंतर तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती. शेतकऱ्याने तो भाव बघून २०१६ ला तूर पेरली, बोनस बघून नव्हे. पाऊसही चांगला झाला. परिणाम २०१७ ला केंद्रांवर दिसला: ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही, आणि बाहेर भाव चार हजारांच्याही खाली.

आता मांजराकाठ ताईंच्या भाषणाकडे येतो. तुम्ही "थोडासा माल उचलतं" म्हणून पुढे गेलात. खरी गोष्ट तिथेच आहे. एक हिशोब मांडतो, हवा तर भाषणात घ्या. आकडे समजुतीचे आहेत, पण रीत हीच.

पाच एकर, एकरी आठ क्विंटल, म्हणजे ४० क्विंटल. मळणीला ओलावा १६ टक्के. व्यापारी वावरातून उचलतो, ३,९०० ने, रोख. झाले १ लाख ५६ हजार. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ धरला तर कागदावर फरक जवळजवळ ४० हजारांचा. गावात सगळे हाच फरक बोलतात.

केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. सोळाचा बारा करायचा तर पाणी उडतं आणि वजन घटतं. ४० क्विंटलचे ३८ क्विंटल १८ किलो उरतात. चाळणीत माती, काडी, फुटका दाणा जातो, धरा साडेसदतीस. पण सगळा माल घेतला जात नाही. जिल्ह्याच्या सरासरी उत्पादकतेवरून हेक्टरी मर्यादा ठरते. समजा ती एकरी सहा क्विंटल बसली, तर ३० क्विंटल केंद्रावर आणि साडेसात बाहेर. तो माल आता वाळलेला, स्वच्छ, म्हणून ४,१५० मिळाले असं धरू. दोन्ही मिळून १ लाख ७७ हजार ८८५. वाळवणीची मजुरी, चाळणी, हमाली, भाडं यांचे ६ हजार वजा केले तर हातात १ लाख ७१ हजार ८८५. म्हणजे ४० हजारांचा फरक १६ हजारांच्या आत आला. तोही माल आणायचा एसएमएस आला, बारदाना होता, प्रतवारीत माल परत गेला नाही आणि पैसे वेळेत जमा झाले तर. २०२४ च्या हंगामात ओलाव्याची अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण तोवर ज्यांना रब्बीच्या पेरणीला पैसे हवे होते त्यांनी माल विकून टाकला होता.

पण ताई, इथे माझा तुमच्याशी मतभेद आहे. ते १६ हजार खोटे नाहीत. पाच एकरवाल्याच्या घरात त्यातून रब्बीचं बियाणं आणि खत येतं. आणि केंद्र सुरू झालं की आजूबाजूचा व्यापारीही शे-दीडशे रुपये वर सरकतो, हे मी दर हंगामात बघतो. जो आमच्याकडे आलाच नाही त्यालाही तो फायदा मिळतो. तुमच्या भाषणात हे कुठेच येत नाही.

मांजराकाठ

गोणपाट दादा, हा हिशोब मी घेणारच. चाळीसचे सोळा कसे होतात हे आजवर इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

केंद्रामुळे भाव वर सरकतो हे मान्य. पण नंतरचं काय? नाफेडने घेतलेलं सोयाबीन समुद्रात जात नाही, काही महिन्यांनी त्याच बाजारात विकायला येतं. तो साठा बाहेर येणार हे व्यापाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो आधीच हात आखडतो. माल मागे ठेवून उन्हाळ्यात विकणाऱ्याला त्याचा फटका बसतो. दिवाळीत शंभर रुपये वर आणि उन्हाळ्यात तेवढेच खाली, असं झालं तर एका शेतकऱ्याच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले, एवढंच.

गोणपाट

साठा खाली विकला तर तुमचं म्हणणं खरं. २०१७ च्या तुरीच्या बाबतीत ते घडलंही. पण दिवाळीत विकणारा आणि उन्हाळ्यात विकणारा हे एकच शेतकरी नव्हेत. दिवाळीत विकतो तो अडलेला असतो. उन्हाळ्यापर्यंत थांबतो त्याच्याकडे जागा असते आणि दुसरा पैसाही असतो. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले तरी ते योग्य दिशेने गेले असं मी म्हणेन.

गोडवा

आमच्याकडे ऊस आहे. हमीभाव मिळूनही उत्पन्न वाढत नाही याचा अनुभव आम्ही घेतोय. २०२४-२५ ला क्विंटलला ३४० रुपये जाहीर झाले, म्हणजे टनाला ३,४००. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात काय पडतं ते बघा. आणि आम्ही ज्या कारखान्याला ऊस घातला त्याने पहिला हप्ता द्यायलाच दोन महिने लावले. नियम चौदा दिवसांचा आहे. ताईंनी भाषणात हे घ्यावं.

मांजराकाठ

गोडवा काका, उसाचं एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान भाव, वेगळ्या प्रकारात मोडतं. ते कारखान्यावर बंधनकारक आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली, आणि साखरेच्या ठरलेल्या उताऱ्याला बांधलेलं आहे. म्हणून ३४० हा १०.२५ टक्के उताऱ्याचा आकडा. सोयाबीन घेणाऱ्या कारखान्यावर असं कुठलंच बंधन नाही. पण तुमचा अनुभव मला उलट बाजूने उपयोगी पडतोय. जिथे खरेदीदार कायद्याने बांधलेला आहे तिथेही पैसा थकतो, तर तटस्थ म्हणतात तसा नुसता कायदा करून काय होईल?

तटस्थ

थकतो, पण शेवटी मिळतो ना? ऊसवाल्याला निदान कुणाच्या दारात जायचं ते माहीत असतं. त्याच्या आंदोलनाला पत्ता असतो. सोयाबीनवाल्याने कुणाच्या दारात जावं? मी कायद्याच्या मुद्द्यावर ठाम आहे.

सुलभा_क

मी पाच वर्षं दुसऱ्याची जमीन मक्त्याने करते आहे, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

गोणपाट दादांचे १६ हजार माझ्यापर्यंत येतच नाहीत. नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर ई-पीक पाहणीची नोंद लागते, बँक खातं लागतं. सातबारा मालकाचा. मालक म्हणतो, माझ्या नावावर पैसे आले तर उद्या तू वहिवाटीचा हक्क सांगशील. म्हणून मी सगळा माल व्यापाऱ्याला घालते. आमच्या गावात निम्मी जमीन अशीच कसली जाते, आणि ती कसणारे बहुतेक आमच्यासारखे अल्पभूधारक नाहीतर भूमिहीनच.

वरून मक्ता. २०२१ ला सोयाबीनचे भाव चढले तेव्हा एकरी मक्ता वाढला. भाव उतरले तेव्हा मक्ता उतरला नाही. मालकाला विचारलं तर म्हणाले, हमीभाव तर दरवर्षी वाढतोय, मग मी कमी का करू? जो भाव मला कधी मिळाला नाही तोच दाखवून माझ्याकडून जास्तीचा मक्ता घेतला जातो. ताई, तुमच्या भाषणात कसणारा आणि मालक एकच आहे. तो वेगळा काढा.

मांजराकाठ

सुलभाताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमचं शेवटून तिसरं वाक्य, नाव न घेता, भाषणात घेऊ का? दीर्घकाळ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर त्यात आहे. भावातला जो फायदा कायमचा वाटतो तो हळूहळू जमिनीच्या भाड्यात आणि जमिनीच्या किमतीत मुरतो. ज्याची जमीन त्याचं उत्पन्न वाढतं, ज्याचे कष्ट त्याचं वाढेलच असं नाही.

सुलभा_क

घ्या. फक्त गावाचा उल्लेख नको.

शिवार

इतका वेळ वाचत होतो. विरोधी बाजूने सगळे बोलताहेत, तेव्हा दुसरी बाजू मी मांडतो, कारण स्पर्धेत ती येणारच.

२०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न पंजाबात २६,७०१ रुपये होतं, महाराष्ट्रात ११,४९२, देशात १०,२१८. पंजाबात गहू आणि भात सरकार जवळजवळ सगळा उचलतं. साठच्या दशकात अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले तेव्हापासून तिथला शेतकरी भावाची चिंता न करता पेरतोय. त्या भरवशावर त्याने विहिरी खोदल्या, ट्रॅक्टर घेतले, नवं बियाणं वापरलं. हे पन्नास वर्षांचं उदाहरण आहे, याहून दीर्घकाळ कोणता? तुमचा सोयाबीनचा दाखला हमीभाव निकामी असल्याचा नाही, हमीभाव दिलाच नाही याचा आहे. पंजाबात दिला, तिथे उत्पन्न वाढलं.

ताई, याला पाच मिनिटांत उत्तर आहे?

मांजराकाठ

याचीच मला सर्वांत जास्त धास्ती होती. माझा प्रयत्न असा: पंजाबची जवळजवळ सगळी जमीन ओलिताखाली आहे आणि तिथली सरासरी जमीनधारणा आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. एकरी उतारा आणि एकर, दोन्ही जास्त. त्यातलं किती हमीभावाचं आणि किती पाण्याचं, हे कसं वेगळं काढणार? त्याच पाहणीत मेघालय पंजाबच्याही पुढे आहे, २९,३४८ रुपये, आणि तिथे अशी सरकारी खरेदी नाही. शिवाय देशाच्या १०,२१८ मध्ये पिकातून आलेले फक्त ३,७९८ आहेत. मजुरीतून आलेले त्याहून जास्त, ४,०६३. ज्या घराचा मोठा वाटा मजुरीतून येतो त्याचं उत्पन्न पिकाच्या भावाने किती हलणार?

शिवार

मेघालयाचा दाखला देऊ नका, परीक्षक लगेच पकडतील. तिथलं पीक, जमिनीची पद्धत, सगळंच निराळं. पाण्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तरी मी विचारेन, की भावाची खात्री नसती तर इतक्या कूपनलिका खोदायला त्याने कर्ज काढलं असतं का? पाणी आणि भाव हे तिथे वेगळे नाहीतच.

गोणपाट

शिवार, त्याच कूपनलिकांनी आज पंजाबचं भूजल किती खोल गेलंय तेही बघा. पन्नास वर्षांत कमावलेल्या उत्पन्नातून पुढच्या पन्नास वर्षांचं पाणी वजा केलं तर काय उरतं, हा प्रश्न मला खरोखर पडतो. उत्तर माझ्याकडे नाही. पण तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे: खरेदीची खात्री आणि जाहीर आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे केंद्राच्या योजनेत सोयाबीन उत्पादनाच्या साधारण पाव हिश्श्यापर्यंत खरेदीची मर्यादा असते. म्हणजे चारातले तीन क्विंटल बाहेरच जाणार हे सुरुवातीपासूनच ठरलेलं असतं.

पांढरंसोनं

महाराष्ट्राने संपूर्ण खरेदीचा प्रयोग केलेला आहे, हे इथे कुणालाच आठवत नाही याचं नवल वाटतं. कापूस एकाधिकार योजना, १९७२ पासून. कापूस फक्त राज्यालाच विकायचा. माझं तरुणपण त्या जिनिंगच्या आवारात गेलं. बाहेर भाव कमी असला की शेजारच्या राज्यांतला कापूस आमच्या केंद्रावर यायचा. बाहेर भाव जास्त असला की आमच्याच शेतकऱ्याचा कापूस रात्री सीमेपलीकडे जायचा आणि पकडला गेला तर गुन्हा दाखल व्हायचा. आपलाच कापूस आपणच चोरून विकायचा! योजना तोट्यात गेली, चुकारे लांबले, आणि २००० नंतर एकाधिकार संपला. शिवार साहेब, सगळा माल सरकारने घेतला की उत्पन्न वाढतं असं सरसकट म्हणू नका. विदर्भाने ते तीस वर्षं पाहिलंय.

शिवार

काका, तो अनुभव मोलाचा आहे. पण त्यात शेतकऱ्याला बाहेर विकायची बंदी होती. पंजाबात ती नाही. हमीभाव म्हणजे खालची पायरी, वर जायला दार उघडं. एकाधिकाराने दारच बंद केलं होतं. दोन्हीत फरक करायला हवा.

पांढरंसोनं

दार उघडं आहे असं तुम्ही म्हणता. मग २०२१ ला सोयापेंडीच्या आयातीने जे बंद केलं ते काय होतं?

तटस्थ

मग भावांतर का नको? सरकारने माल घ्यायचाच नाही, फरक थेट खात्यात टाकायचा. ना बारदाना, ना रांग, ना साठा.

गोणपाट

मध्य प्रदेशाने २०१७ ला करून पाहिलं. योजना सुरू होताच मंडीतले भाव आणखी उतरले. उरलेलं सरकार भरणारच आहे हे व्यापाऱ्याला कळलं होतं. आणि फरक मोजला गेला तो सरासरी भावावरून, ज्याला सरासरीपेक्षा कमी मिळाला त्याचं नुकसान राहिलंच. २०२५ ला त्यांनी ते सोयाबीनसाठी पुन्हा सुरू केलंय. आणि सुलभाताईंच्या सातबाऱ्याची अडचण तिथेही तीच राहते, कारण पैसे नोंदणी केलेल्या खात्यातच जाणार.

सुलभा_क

भाडेकराराची नोंद करून कसणाऱ्याच्या नावाने ई-पीक पाहणी होऊ शकली तर मी आधी हमीभावाच्या बाजूने मत देईन, मग ताईंच्या. आमच्या मालकाने करारावर सही करायला नकार दिलाय. कुणाकडे अशी सही मिळाली असेल तर कशी मिळवली ते सांगा.

मांजराकाठ

मेघालय काढलं. चाळीसचे सोळा आणि मक्त्याचा मुद्दा घातला, त्यासाठी डीडीजीएसचं वाक्य गाळावं लागलं. पंजाबबद्दल मी एवढंच म्हणणार आहे, की तिथे खरेदी, पाणी आणि मोठी जमीन तिन्ही एकत्र आले, आणि आमच्याकडे त्यातला फक्त जाहीर आकडा आला. शिवार दादा, यावर तुमचा पुढचा प्रश्न काय असेल?

शिवार

हाच, की मग तुम्ही आकडा काढून टाकायला सांगताय की खरेदी आणायला? खरेदी आणायला सांगत असाल तर तुम्ही माझ्या बाजूला आलात.